फोटोत नसलेली बाजू

धामणगाव बढेत कुणाला जुनी चारचाकी घ्यायची असली, तर मनासारखी गाडी गावात क्वचितच मिळते. ती असते जळगावला, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर थेट पुण्या-चिंचवडला. बघायला जायचं म्हणजे आधी मलकापूर गाठायचं, तिथून रेल्वे किंवा बस पकडायची आणि सोबत गाडी कळणारा एक माणूस न्यायचा. पुण्याचा फेरा असेल तर दोन दिवस सहज जातात. एवढा खर्च करून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला तयार नसतो. समोर खोट दिसत असते, तरी “आता आलोच आहोत तर घेऊन टाकू” म्हणत तो टोकन देऊन मोकळा होतो. नडतं ते इथेच. म्हणून गाडी बघायला निघण्याआधी तिची जाहिरात नीट वाचावी, या मताचा मी झालो.

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. या धंद्यात गाडी दोनदा हाताखालून जाते. ठोकली की एकदा येते आणि विकायला काढली की पुन्हा येते. दुसऱ्या वेळी मालकाचं सांगणं ठरलेलं असतं: “फोटो काढायचेत, तेवढी चकाचक करून द्या.” रबिंग-पॉलिश, बंपरला टचअप, इंजिन धुऊन वर चमक येणारा स्प्रे, नवे सीट कव्हर. यात बेकायदा काही नाही, घर विकतानाही माणूस रंग देतोच. पण कुठल्या जागी हात फिरवला की फोटो चांगला येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला दुसऱ्याच्या फोटोतला फिरलेला हातही ओळखू येतो. हळूहळू गावातली आणि आजूबाजूची मंडळी मोबाइल घेऊन गॅरेजवर येऊ लागली. “भाऊ, ही बघा बरं, जाऊ का बघायला?” या एका प्रश्नाचं उत्तर देता देता जे शिकलो, ते इथे मांडतो.

पहिली सवय लागली ती दिसतंय त्याआधी काय दिसत नाही ते मोजायची. गाडीला चार बाजू आहेत, टप आहे, डिकी आहे, बोनेटखालचा भाग आहे, पुढची-मागची सीट आहे, मीटर आहे, चार टायर आहेत. जाहिरातीत दहा-बारा फोटो असतात आणि त्यातले चार एकाच बाजूचे निघतात. डाव्या अंगाने तिरका, डाव्या अंगाने सरळ, डाव्या बाजूने मागून. मग उजवी बाजू कुठे गेली? फोटो काढणारा गाडीभोवती फिरतो तेव्हा चारही बाजू आपोआप येतात. एक बाजू सुटते ती बहुधा सोडलेली असते. कधी ती बाजू भिंतीला लागून उभी असते आणि मालकाला खरंच सुचलेलं नसतं. ते ओळखायला मागणं हाच उपाय. “उजव्या बाजूचा एक फोटो पाठवा” एवढं म्हणावं. भिंतीमुळे राहिला असेल तर पाच मिनिटांत येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नुकत्याच धुतलेल्या, थेंब अंगावर असलेल्या गाडीचा फोटो सुंदर येतो. ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे, फिका पडलेला रंग, पॉलिशचे गोल गोल डाग काहीच दिसत नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडाचंही तसंच. रंग ओळखायचा तर कोरड्या गाडीचा, सकाळच्या उन्हातला फोटो हवा. त्यात फेंडर आणि दरवाजा यांची छटा जुळते का ते बघायचं. चंदेरी, करड्या अशा मेटॅलिक रंगात दुसऱ्यांदा मारलेला भाग तिरक्या उन्हात बहुतेक वेळा वेगळा उठून दिसतो. बंपरवरून मात्र निकाल देऊ नये. तो प्लास्टिकचा असतो, त्याचा रंग पत्र्यापेक्षा किंचित वेगळा दिसणं साधी गोष्ट आहे, आणि शहरातल्या गाडीचा बंपर घासलेला नसेल तरच नवल.

पत्र्याच्या आतली गोष्ट सांगतं ते त्याच्यावरचं प्रतिबिंब. दरवाज्यावर विजेच्या तारेचं, इमारतीच्या कडेचं किंवा कुंपणाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. फोटो बोटांनी मोठा करून त्या रेषेवर नजर ठेवायची. कंपनीच्या पत्र्यावर ती रेष एका दरवाज्यावरून दुसऱ्यावर सलग जाते. जिथे पुट्टी भरून घासलंय तिथे ती लाटेसारखी हलते किंवा मध्येच जाड होते. हाताने घासलेली पुट्टी डोळ्याला सपाट वाटते, पण प्रतिबिंब तिथे अडखळतंच. मी स्वतः पुट्टी घासून झाली की हेच बघतो, म्हणून फोटोतही नजर आधी तिथेच जाते.

हे सगळं एका गाडीवर कसं लागू होतं ते सांगतो. २०२१ मध्ये, टाळेबंदीनंतर, जुन्या गाड्यांना अचानक गिऱ्हाईक वाढलं होतं. आमच्याकडचा एक तरुण, कापसाचा व्यवहार करणारा, एका जाहिरातीवर पार फिदा होऊन आला. स्विफ्ट डिझायर डिझेल, २०१४, एमएच-१४ पासिंग, ६८,००० किलोमीटर, सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, कंपनी मेंटेन, किंमत ४ लाख १० हजार. खाली ओळ होती: “फक्त सिरियस गिऱ्हाइकांनी फोन करावा, एक रुपयाचं काम नाही.”

आकड्यापासून सुरुवात केली. सात वर्षांत ६८,००० म्हणजे वर्षाला दहा हजारांच्याही आत. पेट्रोल गाडीला हे शोभतं. पण डिझेल गाडीसाठी जास्त पैसे तोच मोजतो ज्याचं फिरणं जास्त असतं. आकडा खोटाच आहे असं यावरून म्हणता येत नाही, पण तो तपासायला हवा एवढं नक्की. आतला फोटो मोठा केला. स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागावर, जिथे हात धरला जातो, प्लास्टिकचा खरखरीतपणा जाऊन चकाकी आली होती. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर नवं होतं, मागच्या सीटला मात्र जुनंच. पेडल एकाही फोटोत नव्हते. बैल घेताना दात बघतात, तसे गाडीचे पेडल बघावेत. क्लचच्या रबरावरच्या रेषा ६८,००० ला झिजतात, पण पुसल्या जात नाहीत. पेडलचं रबर अगदी गुळगुळीत असेल, किंवा सगळी गाडी जुनी आणि रबर तेवढं कोरं असेल, तर मीटरवर भरवसा ठेवू नये.

मग मीटरचा फोटो. हा फोटो प्रत्येक जाहिरातीत असतो आणि लोक त्यात फक्त किलोमीटर वाचतात. मी आधी आरपीएमचा काटा बघतो. काटा शून्यावर असेल आणि मीटर पेटलेलं असेल, तर चावी फिरवलेली आहे पण इंजिन बंद आहे. अशा वेळी बॅटरीचा लाल दिवा, ऑइलचा लाल दिवा आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटलेले दिसायला हवेत. गाडी स्वतःचे दिवे तपासून घेते, आणि हे तिन्ही बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतात. या डिझायरच्या फोटोत काटा शून्यावर होता, बॅटरी आणि ऑइल दोन्ही पेटले होते आणि इंजिनाचा पिवळा दिवा असायला हवा ती जागा काळी होती. दिवा जळालेला असू शकतो, फोटोत नीट आला नसेल. पण कायम पेटून राहणारा पिवळा दिवा गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तो काढून टाकणं किंवा त्यावर काळी पट्टी लावणं हा जुना इलाज आहे. याच्या उलट, काटा आठशेच्या आसपास असेल तर इंजिन सुरू आहे, आणि तेव्हा हे तिन्ही दिवे विझलेले हवेत. एका फोटोने निम्मंच कळतं. म्हणून मी छोटा व्हिडिओ मागायला सांगतो: गाडी थंड असताना चावी फिरवा, दोन क्षण थांबा, मग सुरू करा, सगळं एका दमात.

मग गोष्ट गाडीच्या चेहऱ्याची. २०१२ मध्ये आलेल्या त्या डिझायरला २०१५ च्या सुरुवातीला कंपनीने पुढून बदललं, जाळी वेगळी आली, बंपर वेगळा आला. जाहिरातीतली गाडी २०१४ ची आणि तोंड २०१५ नंतरचं होतं. हौसेने कुणी तोंड बदलून घेतं, असे लोक आहेत. पण पुढून जोराची ठोकर बसल्यावर “बदलायचंच आहे तर नवीन बसवा” असं म्हणणारे त्याहून जास्त आहेत. त्यात उजव्या बाजूचा फोटो नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की गाडी पुढून उजव्या कोपऱ्यात लागली असावी असा अंदाज निघत होता.

तरुणाला म्हटलं, दर बोलू नको, भाव कमी करू नको, फक्त चार गोष्टी माग. उजव्या बाजूचा फोटो, बोनेट उघडून त्याच्या बिजागरीच्या बोल्टचा जवळून फोटो, थंड गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ आणि आरसीचा फोटो, त्यावर पत्ता झाकला तरी चालेल. बोल्ट एवढ्यासाठी की कंपनीतून येताना बोल्टवर पत्र्याच्या रंगाचाच थर असतो. बोनेट किंवा फेंडर काढून बसवला की पान्याने बोल्टच्या कडांवरचा रंग उडतो आणि ते चकाकतात. त्यावर पुन्हा रंग मारला असेल तर तो वायसरवर ओघळलेला दिसतो.

उत्तर आलं: “गाडी बघायला या, सगळं समोर आहे. दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, हवी असेल तर पाच हजार टोकन टाका.” दोनदा मागितल्यावर फक्त आरसीचा फोटो आला. त्यावर मालक क्रमांक दोन होता आणि बँकेचा बोजा अजून चढलेलाच होता. जाहिरातीत “सिंगल ओनर” म्हटलं होतं. आमच्या भागातली कितीतरी पोरं चाकण, भोसरीच्या कंपन्यांत कामाला आहेत. त्यातल्या एकाला सुट्टीच्या दिवशी नुसतं बघून ये म्हटलं. त्याने पाठवलेल्या फोटोत उजवा फेंडर नवा होता, उजवा हेडलाइट डाव्यापेक्षा स्वच्छ आणि वेगळ्या मार्क्याचा होता, आणि दरवाज्याच्या पुढच्या खांबाला आतून पुट्टीची चीर गेली होती. फेंडर बोल्टने बसतो, बदलला तर फारसं बिघडत नाही. खांब मात्र गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. तिथे काम झालेली गाडी मी कुणाला घ्यायला सांगत नाही, किंमत कितीही उतरली तरी. तरुण त्या गाडीसाठी मलकापूरपर्यंतही गेला नाही. काही आठवड्यांनी त्याने जळगावची एक गाडी घेतली, जिच्या मालकाने न मागता पेडलचाही फोटो पाठवला होता.

शब्दांचंही तसंच वाचन करावं लागतं. “सिंगल ओनर” हा शब्द कागदावर खरा असून व्यवहारात खोटा असू शकतो. पहिला मालक ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० सही करून देतो आणि मोकळा होतो. पुढे गाडी दोन-तीन हातांतून फिरते, पण नाव कुणीच लावून घेत नाही. आरसीवर अजून पहिलाच मालक. विकणाऱ्याला सरळ विचारावं, “आरसीवरचं नाव तुमचंच ना?” उत्तर “माझ्या मित्राचं आहे, तो बाहेरगावी असतो” असं आलं तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. विकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघात झाला तर भरपाईसाठी कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीवर आहे. गाडी चार हात पुढे गेली असली तरीही.

“विमा चालू” हे दोन शब्दही अर्धेच आहेत. थर्ड पार्टी की फुल, ते विचारावं. आणि फुल असेल तर पॉलिसीचा फोटो मागून त्यातला नो क्लेम बोनस बघावा. एक वर्ष क्लेम नसेल तर तो २० टक्के असतो, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की तो पुन्हा शून्यावर येतो. पाच-सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या, “एकदाही लागलेली नाही” अशा गाडीच्या पॉलिसीत बोनस शून्य दिसला, तर क्लेम कशाचा घेतला होता हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मर्यादा एवढीच की बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. मालक बदलून थोडेच दिवस झाले असतील तर या आकड्यावरून गाडीचं काही कळत नाही.

नंबर झाकलेला असेल तर घाबरू नये, खाजगीपणासाठी बरेच लोक झाकतात. फोनवर विचारल्यावर द्यायला का-कू केली तर मात्र थांबावं. नंबर मिळाला की परिवहन विभागाच्या ॲपवर पासिंग कधीपर्यंत आहे, विमा कधी संपतो, बोजा आहे का, गाडी खाजगी म्हणून नोंदलेली आहे की टॅक्सी, हे घरबसल्या बघता येतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यामुळे “२०१० मॉडेल, एकदम स्वस्त” या जाहिरातीचा अर्थ पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर या खर्चासकट लावावा लागतो. राज्याच्या वाहतूक ई-चलानच्या संकेतस्थळावर नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो. तिथे दंडासोबत ठिकाण आणि तारीखही येते. “गाडी फक्त गावात चालवलेली” आणि चलानं मात्र द्रुतगती मार्गावरची, असं एकदा समोर आलं तेव्हा वेगळं काही विचारायची गरज उरली नाही.

पुराची गाडी हा वेगळाच विषय, पण दोन शब्द सांगतोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड. तिकडच्या सगळ्याच गाड्या बुडालेल्या नाहीत, आणि नुसत्या पासिंगवरून एखादी गाडी नाकारणं अन्यायाचं आहे. पण पासिंग तिकडचं, विक्री भलत्याच शहरात, सीट कव्हर, मॅट आणि आतलं लॅमिनेशन सगळं एकदम नवं, आणि किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, असं चारही जुळलं तर एक फोटो मागावा: सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाचा. सीट धुतात, गालिचा बदलतात, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आत राहिलेली गाळाची रेष सहसा कुणी काढत नाही. सोबत सीटखालच्या लोखंडी पट्टीचा आणि डिकीत स्टेपनीखालच्या खोलगट जागेचा फोटो मागावा. तिथला गंज सहसा पावसाळी ओलीचा नसतो.

एक प्रकार असा की त्यात गाडीच नसते. किंमत निम्मी, फोटो झकास, आणि विकणारा सांगतो की मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी छावणीत उभी आहे, वाहतुकीचे पैसे पाठवा की घरपोच येईल. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. फौजी म्हटलं की आपल्याकडे विश्वास ठेवला जातो, आणि त्याचाच फायदा भामटे घेतात. अशा जाहिरातीत फोटो वेगवेगळ्या गाड्यांचे असतात. एकात गाडीला टपावर रेल्स आहेत, दुसऱ्यात नाहीत. एका फोटोत मागे नारळाची झाडं, दुसऱ्यात डोंगर. आजच्या तारखेचा पेपर बोनेटवर ठेवून फोटो काढा म्हटलं की संभाषण तिथेच संपतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण संशयाने पछाडलेला माणूसही चांगली गाडी गमावतो. चिखलीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी बोलेरो विकायला काढली होती. जाहिरातीत तीनच फोटो, तेही तिरके, एकात स्वतःचा अंगठा. गाडी धुळीने माखलेली, मागे बंपर चेपलेला. मजकूर मात्र वाचण्यासारखा होता. क्लच कधी बदलला, डावा मागचा दरवाजा गेटला घासून रंगवलाय, एसी गार करत नाही, पासिंग कुठल्या महिन्यात संपतं, सगळं लिहिलेलं. ज्याला घ्यायची होती तो म्हणाला, गाडी भंगार दिसते. मी म्हटलं, ही आधी बघून ये. धूळ धुतली की जाते, आणि ज्याने न विचारता तीन दोष सांगितले त्याच्याकडे चौथा लपलेला असण्याची शक्यता कमी. ती गाडी आजही शेतमाल घेऊन मोताळ्याला जाते.

जाहिरात वाचून गाडी चांगली आहे हे ठरत नाही. सस्पेन्शनचा आवाज, गिअर अडखळणं, चेसिसवरचा गंज, गाडी एका बाजूला ओढणं हे फोटोत येत नाही. त्यासाठी गाडी चालवून आणि लिफ्टवर चढवूनच बघावं लागतं. जाहिरातीचं काम एवढंच, की ज्या गाडीसाठी घराबाहेर पडायचं ती कुठली हे ठरवणं.

म्हणून जुनी गाडी शोधणाऱ्याला माझं सांगणं आहे. भावाची बोलणी सगळ्यात शेवटी करा. आधी जाहिरातीत जो फोटो नाही तो मागा, आणि आरसी, पॉलिसी, थंड इंजिनाचा व्हिडिओ मागा. हे सगळं मिळाल्यावरच मलकापूरचं तिकीट काढा. टोकन तर गाडीला स्वतःचा हात लावल्याशिवाय आणि नोंदणीवरच्या माणसाशी बोलल्याशिवाय कुणालाच देऊ नका. साधा फोटो पाठवायला जो तयार नाही, त्याची गाडी बघायला जाऊ नका.